आईचं पुढचं वाक्य

दादाला खुर्चीत बसून हुकूम सोडायला काय जातंय! माउस चालवायचा धाकटीनं आणि पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव त्याचं. गेलेल्या आईवरची फिल्म चॅनलच्या बाईंना चार वाजता दाखवायची होती. सकाळपासून बहीणभावांत एक शब्द सरळ झाला नव्हता.

संकलन धाकटीचा पोटापाण्याचा धंदा. आईच्या शिवणयंत्राचा आवाज तिनं आधी सोडला, यंत्र मागाहून दाखवलं. लगेच दृश्य कसं अलगद पुढे सरकलं. दादाला त्याचं कौतुक नव्हतं. त्याला हवी होती आईची शेवटची मुलाखत. आई म्हणते, "दुखण्यात कुणी जवळ नव्हतं." तिथे चित्र बदलायचं, पण आईचा आवाज चालूच ठेवायचा आणि त्या आवाजावर दाखवायचा धाकटीचा खाली घातलेला चेहरा.

तो चेहरा शरमेचा नव्हताच मुळी. कॉलरला माइक लावत होते म्हणून तिनं मान खाली घातली होती, एवढंच. पण आईचा आवाज त्यावर ओढला की बघणारा तोच अर्थ लावणार. ज्या पोरीनं दीड वर्ष आईची उठबस केली, तिलाच सगळे नातेवाईक नावं ठेवणार. आणि हा साहेब तेव्हा कुठे होता? तिनं साफ सांगितलं, सरळ कापते, आईचं वाक्य आईच्याच तोंडावर संपू दे. दादानं तिला नोकरासारखं झापलं, सांगतो तसं कर नाहीतर ऊठ म्हणाला, आणि फोन घेऊन बाहेर गेला.

धाकटीचं डोकं तडकलं. वाक्य दादानंच छाटून दिलं होतं. छाटलेला आवाज कुठे जात नाही, तुकड्याच्या कडेखाली तसाच असतो. तिनं पडद्यावर माउसनं ती कड धरून ओढली.

आई पुढे दादाशी बोलत होती. "तू आलास तो कॅमेऱ्याबरोबर. ही रोज यायची, पण अशी चिडलेली, की पाणी मागायची भीती वाटायची."

धाकटीला रडू फुटलं. आई बोलली ते खोटं नव्हतं.

दादाचे मान डोलावतानाचे शॉट मुलाखत संपल्यावर वेगळे घेतले होते. त्यातला एक तिनं "तू आलास" या वाक्याखाली लावला. स्वतःबद्दलच्या पुढच्या वाक्याखाली तिनं स्वतःचा तोच खाली घातलेला चेहरा लावला.

दादा परतला, त्यानं पाहिलं आणि पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "वेडेपणा करू नकोस. माझं काढ, तुझंही काढ. कुणाला कळतंय?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मीच समोर होतो ना."

ऐकून घेतलं, छाटलं आणि वर तिचा चेहरा मागत होता हा. त्याला कधीच माफ करणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं. आईनं तिला माफ केलं होतं की नाही, ते मात्र कधीच कळणार नव्हतं.

दार वाजलं. चॅनलच्या बाई आल्या. दादानं माउसवर हात टाकला, तिनं तो झटकला आणि फिल्म पहिल्यापासून सुरू केली.