बत्तीसनंतरची रिकामी जागा

पाच. चाळीस. दहा. छत्तीस. वीस. बत्तीस. पुढे?

सातपूरच्या अभ्यासिकेत मोफत बॅचची एकच जागा उरली होती. संख्यामालिका सोडल्या, तर सगळ्याच विषयांत सृष्टी ज्ञानेशच्या पुढे. तो आतून जळायचा. निवड चाचणीआधी तिने विचारलं, "मालिकेत काय बघू रे?"

"फक्त फरक काढ," त्याने मुद्दाम अर्धवटच सांगितलं.

जागा तिलाच मिळाली.

"तुझ्यामुळे जमलं, गुरुजी!" पेढा पुढे करत ती म्हणाली. "फरक काढले, तर एकदा वाढ, एकदा घट. म्हटलं, या तर दोन मालिका! एक दुप्पट होतेय, दुसरी चारने उतरतेय. म्हणजे चाळीस."

ज्ञानेशने पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

मार्चमध्ये अभ्यासिकेत त्याचं नाव तिनेच घातलं होतं.