वर की खाली

यतीनला नियम तोंडपाठ होता. टीकॅस म्हणजे टक्कर टाळण्यासाठी विमानांनी विमानांशी बोलण्याची यंत्रणा. आधी ती ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणून सावध करते, धोका वाढला की हुकूम देते, त्याला ‘आरए’ म्हणतात. तेव्हा जमिनीवरच्या कंट्रोलरने काहीही सांगो, ऐकायचं टीकॅसचं. कारण दोन्ही विमानांतल्या यंत्रणा आपसांत ठरवून एकाला वर धाडतात, दुसऱ्याला खाली. हे कंट्रोलरला, वैमानिकाने सांगेपर्यंत, कळतच नाही.

पण पाठांतर वेगळं आणि प्रसंग वेगळा. पुण्याहून येऊन इंदूरला उतरताना विमान सहवैमानिक यतीनच्या हातात होतं. त्याची आई, सुनंदाबाई, मागे खिडकीपाशी बसली होती. लेकाच्या विमानात पहिल्यांदाच.

खालून वर येणारं एक विमान ठरलेल्या उंचीवर थांबलंच नाही. टीकॅस ओरडलं, ‘क्लाइंब, क्लाइंब’, वर चढा. त्याच क्षणी हेडफोनमध्ये कंट्रोलरचा घाईचा आवाज आला, ताबडतोब खाली या. त्याच्या रडारवर ते विमान अजून वरच जाताना दिसत होतं. बिचारा चुकत नव्हता, फक्त टीकॅसने त्या विमानाला खाली धाडलंय, हे त्याला दिसत नव्हतं.

यतीनने नाक खाली दाबलं. जन्मभर मोठ्यांचं ऐकत आलेला पोरगा तो. यंत्रापेक्षा माणसाचा आवाज जड ठरला. आता दोन्ही विमानं खालीच निघाली.

“आय हॅव कंट्रोल!” शेजारच्या सीटवरून कॅप्टन रमा कीर्तने ओरडल्या आणि विमान त्यांनी हातात घेतलं. नाक वर गेलं. रेडिओवर त्यांनी एवढंच सांगितलं, “टीकॅस आरए.” कंट्रोलर तात्काळ गप्प झाला. दुसरं विमान पोटाखालून सुटलं, इतक्या जवळून की यतीनला त्याचे दिवे दिसले. मग टीकॅस म्हणालं, ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’, धोका टळला. रमा मॅडमनी विमान स्वतःच उतरवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंदूर विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी आईने गर्दी जमवली होती.

“माझा यतीनच चला रहा था! झटका लागला ना, तेव्हा त्यानेच संभाळलं.”

“वा भिया, जान बचा ली!” एका इंदुरी माणसाने त्याचा हात धरला. त्याच्या कडेवर झोपलेली लहान मुलगी होती.

रमा मॅडम मागून आल्या. ऐकलं, हसल्या. “हो काकू, दोघांनी मिळून केलं.”

झाकली मूठ सव्वा लाखाची! मान हलवली असती तर काम झालं असतं. पण त्या मुलीची चिमुकली चप्पल पायातून लोंबत होती. यतीनला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“नाही आई,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “मी विमान खाली नेत होतो. धडकलो असतो. मॅडमनी वर नेलं.”

त्या माणसाने हात सोडला. आईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग हलकेच म्हणाली, “मी मागे बसलेय, हे माहीत होतं ना रे तुला?”

“होतं,” यतीन म्हणाला.