मार्चअखेर

अभ्यासिकेच्या समोर मास्तरांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जागा मोठी धोरणी निवडलेली. मुलं तरुण असताना इथे परीक्षेचे फॉर्म भरतात, आणि चार-पाच वर्षांनी केस विरळ झाले की याच खुर्चीवर बसून नोकरीचे बायोडेटा करून घेतात. गिऱ्हाईक तेच, फक्त आवाज खाली आलेला. मास्तर कधी कुठे शिकवायला नव्हते. लोकांच्या चुका लाल पेनने खोडायची सवय, म्हणून मास्तर.

थोरली दुपारी आली, गर्दी नसताना. वय एकतीस. धाकटी बहीण लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी गेली, तरी घरात हिचं नाव थोरलीच राहिलं. तिने घडी घातलेला कागद पुढे केला.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "हे काय? बायोडेटा आहे की क्षमायाचना?"

"मधल्या पाच वर्षांचं लिहिलंय. विचारणारच ना ते."

"विचारू देत की! तू विचारायच्या आधीच हात जोडून उभी." त्यांनी मोठ्याने वाचलं, "'खंडाचा खुलासा.' खुलासा कोण कोणाकडे मागतो गं?"

थोरलीला हे पाठ होतं. वडील एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते. उशिरा आलेल्याला, फाइल हरवलेल्याला ते खुलासा मागायचे. निवृत्तीनंतर घरात मागायचे. दूध उतू गेलं तरी.

"साहेब मागतो. चुकलेल्याकडे."

"मग तू काय चोरी केलीस? खोड ते." लाल रेघ फिरली. "'दुर्दैवाने', हे खोड. दैवाला नोकरीवर ठेवत नाही कोणी. 'घरच्यांच्या इच्छेखातर', हे तर आधी खोड. उद्या घरच्यांच्या इच्छेखातर नोकरी सोडशील. 'अवघ्या दोन गुणांनी हुकले.'" इथे ते थांबले. "हे वाचलं की कळतं, पोरगी अजून ते दोन गुण शोधत फिरतेय. कुठपर्यंत पोचलीस तेवढं लिही. किती हुकलं ते त्यांच्या काय कामाचं?"

अकरा ओळींच्या पाच झाल्या. सुरुवात तिला येत असलेल्या कामापासून: विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासण्याचा तीन वर्षांचा अनुभव. मग: 'त्यानंतर पाच वर्षं स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षा, एकदा मुलाखतीपर्यंत. कायदा वाचणं, आकडेवारी मांडणं आणि मुदतीत लिहिणं यांचा रोजचा सराव.' शेवटी एप्रिलपासून केलेला दावे-तपासणीचा अभ्यासक्रम. तो तिने अभ्यासिकेत बसूनच केला होता, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाच्या आड. लोक पुस्तकाच्या आड कादंबरी लपवतात. हिने नोकरी लपवली.

"आता शेवटची तारीख," मास्तर म्हणाले. "तयारी कधी संपली? शेवट नसलेली तयारी वाचली की वाचणाऱ्याला वाटतं, निकाल लागला की ही पाखरू होणार."

"मार्च. निकाल लागला त्या दिवशीच ठरवलं मी."

मास्तरांची बोटं कळांवर तशीच राहिली. "नक्की मार्च?"

"हो. का?"

"नाही, माझं काम टाइप करायचं." त्यांनी 'तयारी मार्चमध्ये संपवली' एवढं टाइप केलं, आणि मग पडद्याकडेच बघत बोलले, "तुझे वडील गुरुवारी येऊन गेले. या वर्षीचा फॉर्म भरून. तुझा. फोटो, सही, सगळं पिशवीत होतं. मला वाटलं, तूच पाठवलंस."

थोरलीला गुरुवार आठवला. ती आंघोळीहून आली होती, केस ओले. बाबांचा फोन आला: तुझ्या मोबाइलवर सहा आकडी नंबर आला असेल, सांग बघू. तिला वाटलं, गॅसचं काही असेल. तिने केस पुसत पुसत सहा आकडे सांगितले होते. वर "लिहून घेतला ना नीट?" असंही विचारलं होतं.

"शेवटची संधी आहे म्हणत होते," मास्तर म्हणाले. "फार खुशीत होते बघ."

*

विमा कंपनीच्या ऑफिसात खिडक्या उघडत नव्हत्या. मुलाखत घेणाऱ्या मॅडम बारीक, शांत. पेन बंद करून बोलायच्या आणि उघडून ऐकायच्या. दाव्यांबद्दल वीस मिनिटं विचारलं. थोरलीने एक नमुना दावा चाळून दवाखान्याच्या बिलातली तारीख दाखल होण्याच्या आधीची आहे हे दाखवलं, तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा मान हलवली.

"हे पाच वर्षांचं स्वच्छ लिहिलंय. बहुतेक जण रडतात इथे." पेन उघडलं. "पुन्हा बसणार परीक्षेला?"

'नाही' एवढा शब्द पुरला असता. पण पुढेमागे प्रवेशपत्र येणार होतं, आणि ते तिच्याच नावाने. तिच्या जिभेवर सगळं जमलं: मॅडम, त्याचं काय झालं, की माझे वडील, म्हणजे मला न विचारता... तिला मास्तरांची लाल रेघ दिसली.

"या वर्षीचा फॉर्म भरलेला आहे. वडिलांनी भरला. मी परीक्षेला बसणार नाही."

तीन वाक्यं. मॅडमनी ती तिन्ही लिहून घेतली, हेच वाईट वाटलं. लिहून घेतलेली गोष्ट पुन्हा काढली जाते.

"गेल्या वर्षी आम्ही दोघं घेतले," मॅडम म्हणाल्या. "शिकवून तयार केले. निकाल लागला आणि एक जण डबासुद्धा न घेता गेला. म्हणून आता पडताळणी असते. आमचा माणूस पत्त्यावर येईल. घरातल्या एका माणसाला विचारेल, सही घेईल. तुम्ही सांगितलेलं आणि घरचं जुळलं की पत्र निघतं. जुळलं नाही तर..." पेन बंद झालं. "मग मलाही काही करता येत नाही."

"कधी येतील?"

"ते सांगून येत नाहीत."

*

सांगायला तिला चारच दिवस मिळाले. पहिल्या दिवशी बाबांचा रक्तदाब वाढला होता. दुसऱ्या दिवशी उतरला, पण ते इतके खुशीत होते की त्याचीच भीती वाटली. त्यांनी तिच्या अभ्यासासाठी वरच्या मजल्यावरच्यांना टीव्ही हळू करायला सांगितलं, आणि ते ऐकेनात म्हणून त्यांच्या दारात खुर्ची टाकून अर्धा तास नुसते बसले. बोलले काहीच नाहीत. टीव्ही बंद झाला.

"सांगून टाक एकदाचं," आई भाजी चिरताना पुटपुटली. तिला सगळं ठाऊक होतं.

"तू सांग ना."

"मी? लग्नात हार घातला तेव्हा डावा हात वर होता की उजवा, याचा खुलासा मी अजून देतेय."

दोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. बाबांच्या चपला दाराशी वाजल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र, हातात फळीला लावलेला फॉर्म, घामेजलेला एक गृहस्थ. या भेटीसाठीच घरी थांबलेली थोरली आतल्या खोलीतून उठेपर्यंत बाबांनी दार उघडलंही होतं.

"उमेदवाराच्या पत्त्याची पडताळणी आहे. आपण वडील?"

'उमेदवार' हा शब्द ऐकून बाबांचा चेहरा असा उजळला की थोरली दाराच्या चौकटीत थिजली. त्यांना वाटलं, सरकारी माणूस आला. त्यांनी स्वतः पाणी आणलं. पंखा वाढवला.

"किती वर्षं राहता इथे?"

"बावीस."

"उमेदवार सध्या काय करतात?"

"तयारी!" बाबा म्हणाले. "दिवसाचे दहा तास. अभ्यासिकेशिवाय कुठे जात नाही, कोणाशी बोलत नाही. या खेपेला होणार म्हणजे होणार, लिहून घ्या."

माणूस खरंच लिहून घ्यायला लागला. पेनचं टोक कागदाला टेकलं. मग त्याने वरची ओळ वाचली, कपाळाला आठी घातली. "पण इथे तर मार्चमध्ये संपवली असं आहे."

"काय संपवली?"

"तयारी. कंपनीच्या अर्जात."

"कुठली कंपनी?"

थोरली पुढे आली. पायाखालची फरशी गार लागली. बाबांकडे पाहिलं असतं तर अकरा ओळी झाल्या असत्या, म्हणून ती फॉर्मकडे बघत बोलली.

"मी मार्चमध्ये तयारी थांबवली. विमा कंपनीत नोकरीसाठी अर्ज केलाय. या वर्षी मी परीक्षेला बसणार नाही."

पंखा फिरत होता. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस दमतो तरी. त्यांनी हात पुढे करून फळी मागितली. कचेरीत मागत तशी, बोटांनीच. वरपासून खालपर्यंत वाचलं. दोनदा.

"मार्च. तारीख?"

"एकोणतीस."

"म्हणजे सात महिने रोज सकाळी तू पिशवी घेऊन गेलीस ती..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "इथे लिहिलंय, 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' माझ्या माहितीप्रमाणे ही खरी नाही. मला जे ठाऊक नव्हतं त्याच्यावर मी सही करत नाही. कधी केलेली नाही."

"साहेब, सही नसली की मला 'जुळत नाही' असं लिहावं लागतं."

"लिहा."

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. बावीस वर्षांत या घरात दारावर आलेल्या कुठल्याच कागदावर तिने सही केली नव्हती. पार्सल आलं तरी 'ते आले की या' म्हणायची.

"घरातला एक माणूस चालतो ना?" तिने विचारलं.

"हो, कोणीही सज्ञान."

"मला मार्चपासून माहीत आहे. कुठे करायची?"

तिला सहीला वेळ लागला. माहेरच्या नावाचं पहिलं अक्षर आलं, ते खोडून पुन्हा लिहिलं. माणसाने बाबांच्या उत्तराची अर्धवट ओळ खोडून नवी लिहिली, 'आईने दुजोरा दिला', आणि पाणी न पिताच निघाला. जिन्यात त्याचे बूट भराभर वाजले.

"पत्र आठवड्यात येईल," थोरली म्हणाली. कोणाला ते तिलाही कळलं नाही.

बाबांनी दार लावलं. कडी घातली, मग वरचीही घातली, जी दिवसा कोणी घालत नसे. आईकडे पाहिलं नाही, थोरलीकडेही नाही. आतल्या खोलीत गेले. तिच्या टेबलाशी बसले. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला, मग एक नवं जाड पुस्तक उघडताना पाठ मोडते तो आवाज.

"प्रश्न पहिला," आतून शांत आवाज आला. त्यांनी प्रश्न वाचला. चारही पर्याय वाचले, सावकाश, मध्ये श्वास घेत.

मग ते थांबले.

आईने थोरलीचं मनगट धरलं. थोरलीला उत्तर येत होतं. तिने दात आवळले. आतला आवाज तेवढ्याच शांतपणे तोच प्रश्न पहिल्यापासून वाचू लागला.