सहादेवच्या गाळ्याचं माप

शनिवारी दुपारी अश्विनीने सहादेवच्या गाळ्याला टेप लावला आणि आकडा पाहून पुन्हा एकदा लावला. काम पुरं भरलं होतं. सहा घनमीटर, अगदी ठरल्याइतकं. खरं तर ते कमी भरायला हवं होतं, कारण सहादेवची बायको जया जाऊन तीन आठवडे होत आले होते आणि तिच्या जागी त्याच्या हाताखाली दुसरं कुणीही आलेलं नव्हतं.

सुप्याच्या एमआयडीसीत एका नव्या कारखान्याची दगडी कुंपणभिंत बांधायचं काम चाललं होतं. दोन खांबांमधला तुकडा म्हणजे एक गाळा, आणि प्रत्येक गवंड्याला त्याचे गाळे नेमून दिलेले. अश्विनी बेलापूरची, इंजिनिअर होऊन दोन वर्षं झालेली. साइटवर तिचं काम हिशेबाचं. रोज सकाळी हजेरी घ्यायची, संध्याकाळी कुणी किती बांधलं ते टिपायचं आणि शनिवारी सगळ्याची बेरीज करून एक तक्ता पुण्याच्या ऑफिसला पाठवायचा. ठरलेलं काम किती, झालेलं किती. अंदाजपत्रकात मजुरी किती धरली, लागली किती. काम कमी भरलं तर शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. त्या रकान्यावर पुण्याच्या साहेबलोकांचा भारी जीव. बाकी तक्ता कुणी वाचो न वाचो, कारण मात्र चष्मा पुसून वाचायचे.

गेले चार महिने मात्र कारण लिहायची वेळच आली नव्हती. अंदाजपत्रकात दर घनमीटरला एक गवंडी आणि दीड बिगारी धरलेले होते. इथे हजेरीत गवंडी तेवढे दिसत, बिगारी जवळजवळ नाहीतच, आणि तरी भिंत वेळेवर वर येत होती. मजुरी अंदाजाच्या आत. पुण्याहून शाबासकीचे मेल येत. बिगाऱ्यांशिवाय दगडी भिंत कशी उभी राहते, हे विचारायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

खरी गोष्ट साधी होती. ही माणसं जामखेडकडची. हंगामात ऊसतोडीला जाणारी. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि नाव लागतं नवऱ्याचं. मुकादम बिभीषणने तीच रीत इथे आणली. जोडीची एकच हजेरी. मजुरीही जोडीची, गवंड्याच्या मजुरीपेक्षा जराशी जास्त. बायका दिवसभर दगड वाहत, माल कालवत, घमेली उचलत, आणि कागदावर त्यांचा पत्ता नसे. अश्विनीला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने विचारलंही होतं. "इथं असंच असतं," असं उत्तर आल्यावर तिनेही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

मग एका सकाळी पायाच्या चरीची मुरमाड कड ढासळली आणि जया खाली सापडली. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

प्रोजेक्ट मॅनेजर राधाकृष्ण सर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सावरले. हजेरीत तिचं नाव नाही, म्हणजे ती कामावर नव्हती. नवऱ्याचा डबा घेऊन आली आणि चरीच्या कडेला उभी राहिली. बिभीषणने मान डोलावली. पुढच्या हंगामाची उचल त्याने सगळ्या गड्यांना आधीच देऊन ठेवली होती, त्यामुळे बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. सहादेव एकटा म्हणत राहिला, माझी बायको कामावर हुती. नगरला कोर्टात अर्ज गेला, तारीख पडली. त्याचं मागणं वकिलाने भरपाईचं लिहिलं होतं, पण सहादेवला विचाराल तर त्याला एवढंच हवं होतं, की ती इथे काम करत होती हे कुणीतरी मान्य करावं.

आणि भिंत होती की तिच्या जाण्याची दखलच घेत नव्हती.

पहिल्या आठवड्यात अश्विनीला वाटलं, दुःखाने माणूस राबतोय. दुसऱ्या आठवड्यात ती मुद्दाम जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्या गाळ्यासमोर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली. ऊन मी म्हणत होतं. सहादेव भिंतीवर उकिडवा बसला होता, थापी चालत होती. तो उठला नाही. खाली उतरला नाही. तिने फोनमध्ये डोकं घातलं, वर पाहिलं, तर ढिगातले दगड कमी झालेले. घमेलं रिकामं पाहिल्याचं तिला चांगलं आठवत होतं. पुन्हा पाहिलं तेव्हा ते मालाने भरलेलं होतं, कडेवरून ओला ओघळ खाली येत होता. मधला क्षण तिला कधीच दिसला नाही.  ती उठून ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत गेली आणि पंखा लावून नुसतीच बसून राहिली.

बाकीच्यांना हे आधीच कळलेलं होतं. त्या बाजूला कुणी डबा सोडायला बसत नव्हतं. बिभीषणने दुसरी बाई सहादेवच्या हाताखाली द्यायचा प्रयत्न केला, तर ती तासाभरात परत आली. "तिथं माझी गरज न्हाई," एवढंच म्हणाली.

तर आता तिसरा शनिवार. अश्विनीने तक्ता भरून राधाकृष्ण सरांपुढे ठेवला. सरांचा चेहरा खुलला.

"छान. हे सगळे तक्ते मला एकत्र दे. पुढच्या शनिवारचाही. त्यानंतरच्या मंगळवारी तारीख आहे, आपले वकील ते कोर्टात दाखवणार आहेत."

"हे कशाला, सर?"

"अगं, तो म्हणतो ना बायको हाताखाली काम करायची? मग ती गेल्यावर काम घटायला नको? हे बघ. आधी सहा, नंतरही सहा. बाई नव्हतीच, हे याहून स्वच्छ कसं दाखवायचं?"

अश्विनीने तक्त्याकडे पाहिलं. तिच्याच हातची मापं, टेप लावून घेतलेली, खरी. खोटं माप लिहावं असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण भिंत तिथेच उभी होती, कुणीही जाऊन मोजली असती. बिचारी जया मरूनही नवऱ्याचं काम ओढत होती, आणि तेच काम तिला पुसून टाकत होतं. हे आठवून अश्विनीला इतका संताप आला, की तिला सरांच्या टेबलावरचा चहा उलथून टाकावासा वाटला. तिने तो टाकला नाही. ती सहादेवकडे गेली.

सहादेव हौदावर थापी धूत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, वकील काय करणार तेही. 

"तुम्ही हळू काम करा," ती म्हणाली. "हा एक आठवडा."

"म्या थांबलो तरी काम थांबत न्हाई, मॅडम." त्याने थापी उलटी करून ठेवली. "परवा ताप हुता. निम्मा दिस पडून हुतो. उठून बगतो तर दगड लावायच्या जागी मांडून ठिवल्याले. मोठा खाली, कपच्या बाजूला. तिची मांडनी म्या वळखीत न्हाई व्हय? हात मागं केला की दगड येतो. म्या वळून बगत न्हाई. बगितलं तर यायचा न्हाई, आसं वाटतं."

अश्विनीला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं.

"तिला सांगा ना," ती म्हणाली. "नको म्हणून सांगा."

"कसं सांगू?" तो एकदम तडकला. "ह्येवढंच तर ऱ्हायलंय माझ्याकडं. घरला गेलो की कोन हाय? हितं आलो की ती आसती. कोर्टात नाव लागंल म्हनून हितनं बी घालवू तिला?"

 ती परतली, आणि रविवारभर बेलापूरच्या घरी आईने काय वाढलं, काय विचारलं, तिला धड कळलं नाही.

सोमवारी हजेरी झाल्यावर सहादेव आपल्या गाळ्यापाशी गेला. भिंतीवर चढला नाही. दगडांच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"जये, आता बास. लई केलंस. आता दगड देऊ नको. म्या देऊ नको म्हनतो म्हनून न्हाई. तू हुतीस, ह्ये त्यास्नी कळाया पायजे, म्हनून. बस आता सावलीला."

कुणी हसलं नाही. बिभीषणसुद्धा पाठ करून उभा राहिला. सहादेव खाली वाकला, दगड उचलून छातीशी धरला, भिंतीवर ठेवला, वर चढला, बसवला, ओळंबा लावला, पुन्हा खाली उतरला. माल कालवायला गेला तोवर आधीचा माल सुकून गेला. दिवसभर त्याची चढ-उतार चालली होती. संध्याकाळी अश्विनीने टिपण केलं तेव्हा भिंत जेमतेम वर आली होती. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. तो कामात कसूर करत नव्हता. त्याचे हात सोलले होते.

शनिवारी तिने टेप लावला. अडीच घनमीटर. दोनदा मोजलं. मग ऑफिसात बसून तक्ता भरला. ठरलेलं सहा, झालेलं अडीच. हजेरी पूर्ण. मजुरी तेवढीच गेलेली, म्हणजे घनमीटरमागे खर्च दुपटीच्याही वर. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं: बिगारी जया सहादेव, कामावर असताना मयत. बदली मजूर दिलेला नाही. मागील मापांत तिचं काम धरलेलं आहे, हजेरी धरलेली नाही. मग राधाकृष्ण सरांना दाखवायच्या आधीच तिने तो तक्ता पुण्याला पाठवला, आणि एक प्रत सहादेवच्या वकिलाला. नोकरीचं काय होईल ते होवो. पुण्याची माणसं तो रकाना वाचतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

सरांचा आवाज ऑफिसातून बाहेर येण्याआधी ती सहादेवकडे पोचली. तो भिंतीला टेकून बसला होता, हाताला चिंधी गुंडाळलेली.

"लिहिलं मी," ती म्हणाली. "नाव लिहिलं."

त्याने मान हलवली. मग समोरच्या ढिगाकडे बघितलं.

"लई घटलं का वो काम?"

"सहावरून अडीचवर आलं."

सहादेवला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण मापं कळत होती. त्याने मनात हिशेब केला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हंजी निम्म्याच्या वर तीच करीत हुती," तो म्हणाला. "अन् म्या दिसभर तिला वरडायचो, हात चालीव की गं, हात चालीव."