तुटीचा आकडा, कर्जाचं वाक्य

अर्थखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक जुनी रीत होती. मंत्र्यांच्या भाषणात जिथे जिथे आकडा येई, तिथे समासात आकडे तपासणारीने हिरव्या शाईने आद्याक्षरं टाकायची. शब्द वरचे बघतील, आपण आकडे बघायचे. रीत मोठी सोयीची. कोणाच्या सोयीची, हे बाईंना उशिरा कळलं.

बाई म्हणजे त्या आकडे तपासणाऱ्या. नऊ वर्षं त्या हंगामी विभागप्रमुख होत्या आणि यंदा कायम होणार होत्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर त्यांच्याच पगारावर चाललं होतं, त्यामुळे ही नोकरी म्हणजे चैन नव्हती, श्वास होता.

अर्थसंकल्पाच्या आदल्या दुपारी त्यांच्यापुढे भाषणाचा शेवटचा खर्डा आला. चौथ्या पानावर वाक्य होतं, ‘आम्ही देशाचं कर्ज अर्ध्यावर आणलं.’ बाई तडक सचिवसाहेबांच्या खोलीत गेल्या. तिथे मंत्र्यांचा भाषणलेखक बसला होता. बोलण्यातल्या गोडव्यामुळे खात्यात सगळे त्याला ‘मधाळ’ म्हणत.

“साहेब, हे चूक आहे. अर्ध्यावर आली ती तूट. कर्ज नाही.”

“एकच की हो, बाई,” मधाळ म्हणाला.

“एकच कसं? वर्षभरात कमाईपेक्षा जास्त खर्च झाला, तर जेवढं कमी पडलं ती त्या वर्षाची तूट. ती भागवायला उसने घ्यावे लागतात. वर्षानुवर्षं घेतलेलं आणि अजून न फेडलेलं जे डोक्यावर असतं, ते कर्ज. गेल्या वर्षी ऐंशी हजार कोटी कमी पडले, यंदा चाळीस. म्हणजे यंदा उसने कमी घेतले, एवढंच! फेडले कुठे? कर्ज नऊ लाख कोटी होतं, ते आता नऊ लाख चाळीस हजार झालंय. वाढलंय!”

सचिव चष्मा पुसत राहिले. त्यांना सगळं कळत होतं, आणि कळूनही न कळल्याचं सोंग आणण्यातच त्यांचा हातखंडा होता.

“तूट म्हटलं की लोक जांभया देतात,” मधाळ म्हणाला. “कर्ज म्हटलं की ऐकतात.”

“बाई, ‘अर्धं’ हा आकडा बरोबर आहे ना?” सचिवांनी विचारलं.

“आकडा बरोबर आहे, पण तो तुटीचा...”

“मग आकड्यापुरती सही करा. शब्दांचं आम्ही बघतो. तुमच्या कायम होण्याची फाईलही माझ्याच टेबलावर आहे, नाही का?”

एवढं पुरे होतं. बाईंनी आद्याक्षरं टाकली. स्वतःची लाज वाटली, पण महिनाअखेर डोळ्यांपुढे उभी होती.

मंत्र्यांनी वाक्य ठणकावून म्हटलं आणि बाकं दणाणली. दुसऱ्या दिवशी मात्र विरोधी बाकावरची एक सभासद उठली. “कर्ज अर्धं झालं, तर खात्याच्याच तक्त्यात ते वाढलेलं कसं?” सभागृहात गोंधळ उडाला. मंत्र्यांनी हात झटकले. माहिती अधिकाऱ्यांनी दिली होती, चौकशी होईल, म्हणाले.

चौकशी मंत्र्यांच्याच खोलीत झाली. टेबलावर चौथं पान, वाक्याशेजारी बाईंची हिरवी अक्षरं. ज्यांनी शब्दांचं बघायचं होतं, त्यांची अक्षरं कागदावर कुठेच नव्हती; तशी रीतच नव्हती. मधाळ खिडकीतून बाहेर बघत होता.

“बाई,” सचिवांनी अगदी हळुवारपणे विचारलं, “तूट आणि कर्ज यातला फरक तुम्हाला माहीत नव्हता का?”

इकडे आड, तिकडे विहीर. माहीत होता म्हणावं, तर जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली म्हणून बडतर्फी. तुम्हीच सही करायला लावलीत म्हणावं, तर साक्षीला कोण, मधाळ? माहीत नव्हता म्हणावं, तर नुसता ठपका. प्रमुखपद जाईल, पण पगार राहील.

“नाही, साहेब. माहीत नव्हता.”

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मंत्री तर एकदम मायाळू झाले. खुर्चीत पुढे झुकून म्हणाले, “अहो, सोपं आहे. लहान असतं तेव्हा ती तूट. वाढत वाढत मोठं झालं की त्यालाच कर्ज म्हणायचं. आलं लक्षात?”

सचिवांनी मान डोलावली. मधाळनेही डोलावली. मंत्री बाईंकडे बघत थांबले होते.

“आलं, साहेब,” बाई म्हणाल्या.