तिसऱ्या ओळीपाशी

"कट!" सूनबाई ओरडली आणि मोबाइलकडे बघून तिने कपाळावर हात मारला. चौतीस सेकंद.

वस्तीचं इन्स्टा पेज चालवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं, तीस सेकंदांच्या आतली रील संध्याकाळपर्यंत पाठवा, फुकट टाकतो. समोर झगमगीत शोरूम उघडल्यापासून यांच्या मिठाईच्या दुकानात माश्याही फिरकेनात. तिच्या नवऱ्याने तर ठणकावलं होतं, या रीलनेही गिऱ्हाईक आलं नाही तर दुकान भाड्याने देणार.

हिंदी तिनेच लिहिली होती, हल्लीची पोरं बोलतात तशी: "ऑफिस से थक के आए, मूड ऑफ है? बस एक बाइट! हंड्रेड परसेंट शुद्ध देसी घी. आपके अपने मोहल्ले में, डेली फ्रेश. पहले टेस्ट करो, फिर बोलो!" पुढे ताटाचा क्लोजअप आणि पत्ता. तिने मनात वाचलं तेव्हा आरामात बसत होतं.

सासरे पुन्हा काउंटरमागे उभे राहिले. पहिल्या दोन ओळी फाडफाड बोलले. मग अडकले. तिने "आपके अपने" उडवलं. तरी एकतीस! तिचा जीव टांगणीला लागला. वयामुळे होतंय का, हे बघायला तिने रेकॉर्डिंग मागे नेलं. प्रत्येक वेळी ते तिसऱ्याच ओळीपाशी थांबत होते.

"बाबा, इथेच का अडता?"

सासऱ्यांनी गल्ल्यावर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. "ते तोंडातून निघत नाही गं."

"बाबा, गप्प बसा!" नवरा म्हणाला.

"गप्पच होतो की. हिवाळ्यापासून कढईत स्वस्तातलं वनस्पती तूप आहे, साजूक नाही."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच घरात राहून तिला पत्ता नव्हता, आणि हे वाक्य तिनेच म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं होतं!

"समोरचा काय हरिश्चंद्र आहे?" नवरा तणतणला. "जाहिरातीतून तूप काढलंस तर आपल्याकडे उरतं काय?"

तिने ओळ खोडली. "बाबा, एकदा."

ते घडाघडा बोलले. "पहले टेस्ट करो"ला तर चक्क हसले. सव्वीस सेकंद. एका दमात!

तिने रील पाहिली आणि तिचा चेहरा पडला. तिने मोबाइल नवऱ्यापुढे धरला. सासऱ्यांच्या डोक्यामागे लाल अक्षरांची पाटी फ्रेमभर दिसत होती: आमच्याकडे फक्त शुद्ध तुपाची मिठाई.

नवऱ्याने ती वाचली. मग तो स्टुलावर चढला, खिळ्यावरून पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली.

"पुन्हा घे," तो म्हणाला.