पथ्याचं सूप

एकाच स्वयंपाकघरातून ‘चमचमीत’, ‘घरचा डबा’ आणि ‘पथ्य’ अशी तीन हॉटेलं फोनवर चालायची. गिऱ्हाइकांचा गोंधळ नको म्हणून मालकाने डबे आणि स्टिकर वेगळे केले होते. चवी वेगळ्या राखणं आचाऱ्याच्या माथी होतं. ‘पथ्य’च्या बिनमिठाच्या सुपाला तो वेगळं पातेलं ठेवायचा.

"त्यात एक शेगडी अडकते," मालक म्हणाला. "आजपासून तिन्हीकडे एकच सूप."

"त्यात मीठ असतं. ‘पथ्य’चे लोक आजारी म्हणून मागवतात."

"लोक डबा बघतात. तू स्टिकर नीट लाव म्हणजे झालं."

आचाऱ्याने दातओठ खात ते पातेलं माळ्यावर टाकलं.

संध्याकाळी रोजच्या एका आजोबांचा अभिप्राय आला. मालकाने तो मोठ्याने वाचला: "बायपासनंतर सहा महिन्यांनी आज जेवणाला चव लागली, तीही मिठाशिवाय. पाचपैकी पाच."

"बघ, उगाच माझं डोकं खात होतास."

ते वाक्य मालकाने नव्या डब्यांवर छापायला दिलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी दोन सुपं मागवली. आचाऱ्याने दोन्ही डब्यांना स्टिकर नीट लावले.